तीन तासांची सफाई, सात तासांचा शनिवार

सप्टेंबरचा तिसरा शनिवार हा जगभर समुद्रकिनारे साफ करण्याचा दिवस म्हणून पाळला जातो. अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर १९८६ मध्ये सुरू झालेली ही प्रथा भारतात तटरक्षक दलाच्या समन्वयाने चालते. मुंबईतल्या काही कंपन्या आपला ‘समाजसेवा दिवस’ त्याच शनिवारी ठेवतात. ऑगस्ट संपता संपता एचआरकडून मेल येतो. समाजाचं ऋण फेडण्याची भाषा, टी-शर्टचा रंग, एक हसरा फोटो आणि नाव नोंदवण्याची लिंक एवढं त्यात हमखास असतं. किती वेळ मोडणार आणि नाव कधीपर्यंत द्यायचं, हे मात्र ‘साधारण अर्धा दिवस’ आणि ‘लवकरात लवकर’ अशा शब्दांत उरकलेलं असतं.

माणसं येणार की नाही, हे याच दोन गोष्टींवर ठरतं. ज्याला शनिवारी मुलाला क्लासला सोडायचं असतं किंवा आईला दवाखान्यात न्यायचं असतं, त्याला ऋणाची आठवण नको असते. दुपारी घरी किती वाजता पोचणार, एवढंच त्याला हवं असतं.

समजा, अंधेरीतल्या एका कंपनीला साठ कर्मचारी घेऊन वर्सोव्याचा किनारा साफ करायचा आहे. सूचनेत लिहिलंय: ‘सकाळी ९ ते १२’. हे तीन तास वाळूवरचे. त्याआधी ऑफिसपाशी जमायचं, हजेरी द्यायची, बस सुटायची वाट पाहायची. किनाऱ्यावर पोचल्यावर पंधरा मिनिटं काय उचलायचं आणि कशाला हात लावायचा नाही हे ऐकायचं, मापाचे हातमोजे शोधायचे. काम संपल्यावर कचरा वेगळा करणं, गोण्या मोजणं, हातपाय धुणं, नाश्ता, आणि परत बस. डोंबिवलीहून येणाऱ्या माणसाच्या हिशेबात हे तीन तास सहज सात होतात. दारातून निघून दारात परत येईपर्यंतचा वेळ सूचनेत लिहिला, तर नावं कदाचित थोडी कमी येतील. पण ज्यांची येतील, ती माणसं शेवटपर्यंत थांबतील. नाहीतर साडेदहालाच एकेक जण घड्याळाकडे बघायला लागतो आणि कचरा वेगळा करण्याच्या सगळ्यात कंटाळवाण्या कामाला मोजकेच हात उरतात.

वेळेचा दुसरा प्रश्न उघडपणे कोणी विचारत नाही. हा शनिवार सुट्टीचा की कामाचा? सुट्टीचा असेल तर बदली रजा मिळणार का? कामाचा असेल तर वरिष्ठांची परवानगी कोण घेणार, कर्मचारी की कंपनी? सूचनेत एक वाक्य घातलं की हे मिटतं: ‘हा वेळ कामाचा धरला जाईल, विभागप्रमुखांना कळवलं आहे, आणि न येणाऱ्याची कुठेही नोंद होणार नाही.’ यातला शेवटचा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा. साहेब स्वतः नावांची यादी घेऊन टेबलांवरून फिरू लागले, की त्या कामाला स्वयंसेवा म्हणण्यात अर्थ उरत नाही.

आता ‘९ ते १२’ ही वेळ ठरवली कुणी? बहुतेक वेळा बसवाल्याने किंवा कॅलेंडरने. ती ठरवायला हवी समुद्राने. भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब कोकणात आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी, दुपारी बाराच्या आसपास. अशा दिवशी साडेनऊ ते साडेबारा ही वेळ उत्तम. पाणी मागे सरत असतं, वाळू मोकळी होत जाते, आणि कामाच्या नादात पाठीमागून पाणी चढत आलं असं होत नाही.

२०२५ चा तिसरा शनिवार घ्या. तारीख २० सप्टेंबर, आणि दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. म्हणजे तिथी चतुर्दशी, चौदाची पाऊणपट साडेदहा. ज्या वेळी साठ माणसं खराटे घेऊन वाळूवर उभी राहायची, नेमकी त्याच वेळी भरती, आणि तीही अमावास्येच्या तोंडावरची, मोठी. किनाऱ्याचा बराचसा पट्टा पाण्याखाली. अशा दिवशी काम करायचं तर दुपारी दोननंतर यायला हवं, नाहीतर दिवसच बदलायला हवा. हा हिशेब ढोबळ आहे, पाऊण तास इकडेतिकडे होतो. अंतिम शब्द भरती-ओहोटीच्या तक्त्याचा, आणि तो वर्षभर आधी छापलेला मिळतो. मेल पाठवण्याआधी एकदा तो बघणं एवढंच आयोजकाला करायचं असतं.

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये सफाईला सुरुवात केली. पुढे शेकडो माणसं त्यात आली आणि २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने शाह यांचा गौरव केला. ते काम आठवड्यामागून आठवडे चाललं. कंपनीचा समाजसेवा दिवस वर्षातून एकदा येतो. या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत, पण एक दिवस येणाऱ्यांनी नेहमी येणाऱ्यांचं काम वाढवू नये, एवढी अपेक्षा नक्की ठेवता येते. नोंदणीच्या मुदतीचा खरा संबंध इथे येतो.

मुदत उलटी मोजत ठरवायची असते. साठ माणसांसाठी दोन बस लागतात आणि बसवाल्याला आकडा आठवडाभर आधी हवा. हातमोजे छोट्या-मोठ्या मापांत मागवायचे. सैल मोज्याने वाळूत अडकलेली नायलॉनची दोरी ओढता येत नाही आणि पातळ मोज्यातून काच लागते. सोबतच्या संस्थेला पंधरा-वीस जणांमागे एक जाणता माणूस उभा करायचा असतो, कारण सुया, फुटक्या बाटल्या आणि पावसाळ्यात किनाऱ्याला लागणारे डंख मारणारे जेलीफिश ओळखायला कुणीतरी हवं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कचऱ्याची गाडी. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला आधी कळवून गाडी ठरवली नसेल, तर भरलेल्या गोण्या वाळूवरच राहतात आणि पुढच्या भरतीला त्यातला अर्धा माल समुद्रात परत जातो. हे सगळं जमवायचं तर नावं कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी हातात हवीत. शनिवारचा कार्यक्रम असेल तर आधीच्या आठवड्यातला बुधवार, संध्याकाळी पाच.

मुदतीआधी जागा भरल्या तर काय, यावर दोन मतं आहेत. ‘आधी येईल त्याला आधी’ हा सोपा मार्ग, पण त्यात दिवसभर स्क्रीनसमोर बसणारेच जिंकतात. गोदामात, कारखान्यात किंवा रात्रपाळीला असलेला माणूस दुसऱ्या दिवशी मेल उघडतो तेव्हा यादी बंद झालेली असते. त्यापेक्षा नोंदणी पूर्ण आठवडा उघडी ठेवावी, जास्त नावं आली तर चिठ्ठ्या काढाव्यात आणि उरलेल्यांची प्रतीक्षा यादी करावी. सूचना मेलवर जाते तशी कॅन्टीनच्या फळ्यावरही लागावी, आणि ती मराठीत व हिंदीतही असावी. कंत्राटी कामगारांना बोलवायचं असेल तर त्या दिवसाची मजुरी आणि अपघात विमा कोण देणार हे आधी ठरवायला हवं. किनाऱ्यावर पाय कापल्यावर तो प्रश्न काढण्यात काही हशील नाही.

नाव दिलेले सगळे येत नाहीत, हे प्रत्येक आयोजकाला ठाऊक असतं. काही जण त्यावर तोडगा म्हणून जास्त नावं घेऊन ठेवतात. पण सगळेच आले तर बसमध्ये दाटी आणि नाश्त्याला तुटवडा होतो. त्यापेक्षा कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी, म्हणजे बुधवारी, प्रत्येकाला एकच प्रश्न पाठवावा: ‘येताय ना?’ गुरुवारी दुपारपर्यंत उत्तर नाही आलं तर जागा प्रतीक्षा यादीला द्यावी. हा नियम पहिल्याच सूचनेत लिहिलेला असला की कुणी रागावत नाही.

हे सगळं एकत्र केलं तर सूचना साधारण अशी होते: ‘शनिवारी वर्सोवा किनाऱ्याची सफाई. ऑफिसपाशी सकाळी ८.१५ ला जमायचं, बस ८.३० ला सुटेल, ऑफिसला परत दुपारी २ पर्यंत. वाळूवरचं काम ९.३० ते १२.३०, ओहोटी १२ च्या सुमारास. वाकून काम करावं लागेल आणि ऊन असेल. पाठ किंवा गुडघे दुखत असतील तर नोंदी आणि वजनाचं काम घ्या, तसं नोंदणीत लिहा. बूट हवेत, चप्पल चालणार नाही. पाण्याची बाटली घरून आणा. जागा ६०. नावं बुधवार संध्याकाळी ५ पर्यंत, त्यानंतर घेतली जाणार नाहीत. हा वेळ कामाचा धरला जाईल.’ ऋण, कर्तव्य, प्रेरणा यातलं काहीच त्यात नाही, आणि ते नसल्याने काही अडत नाही.

कंपन्या हे कायद्यासाठी करतात, असा एक समज आहे. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, हे खरं. पण कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या २०२१ च्या स्पष्टीकरणानुसार कर्मचाऱ्यांनी विनामोबदला दिलेल्या वेळेची किंमत काढून ती या दोन टक्क्यांत धरता येत नाही. कर्मचाऱ्यांना सहभागी करून घ्या, असं मंत्रालय म्हणतं, पण त्यांचे तास खर्चात दाखवता येत नाहीत. त्यामुळे साठ माणसांच्या शनिवारातून कंपनीचा कायदेशीर हिशेब फारसा पुढे सरकत नाही. ही एका अर्थी चांगलीच गोष्ट आहे. आकडा फुगवून दाखवण्याचं एक कारण तरी कमी होतं.

आकडे तरीही फुगतात, ते किलोंमध्ये. ‘इतके किलो कचरा उचलला’ असं छायाचित्राखाली छापायचं असतं, आणि ओल्या वाळूसकट भरलेली गोणी जड भरते. म्हणून गोण्या निम्म्याच भराव्यात, प्लास्टिक झटकून मगच टाकावं, आणि वजनाबरोबर वस्तूही मोजाव्यात: वेष्टनं किती, बाटल्या किती, जाळ्यांचे तुकडे किती. पुढच्या वर्षी त्याच पट्ट्यावर तुलना करता येते ती या मोजणीची.

आणि ज्यांनी नाव दिलंय पण आता जमणार नाही, त्यांनी कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी तसं कळवावं. प्रतीक्षा यादीतल्या माणसाला बूट बाहेर काढायला तेवढा वेळ पुरतो.