सांडवा आधी काढा

आमच्या सोसायटीच्या पाऊसपाण्याचा पहिला नकाशा गच्चीवर सुरू व्हायचा आणि टाकीपाशी संपायचा. गच्ची, खाली येणारे पाईप, गाळणी, टाकी, सगळं काढलेलं होतं. टाकी भरल्यावर पाणी कुठे जाणार, तेवढं नव्हतं. सांडव्याशिवाय धरण कुणी बांधत नाही, टाकीही बांधू नये.

हिशेब साधा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पुण्यातल्या आमच्या ३०० चौरस मीटर गच्चीवर तासात ५० मिलिमीटरची सर कोसळली, तर १५ हजार लिटर खाली येतं. टाकी २० हजारांची. म्हणजे रिकामी टाकीसुद्धा दीड तासात काठोकाठ. अधिक मोठी बांधावी, तर चोवीस घरांना रोज १३ हजार लिटर लागतं. वर्षभराचा पाऊस साठवला तरी जेमतेम दोन आठवडे पुरेल. त्यापेक्षा पावसाळ्यात टाकी पुन्हापुन्हा भरावी, वापरावी आणि उरलेलं पाणी जमिनीत जिरवावं.

म्हणून नकाशात पाईपची उंची लिहिलेली असायलाच हवी. पाणी टाकीत येणारं भोक वर आणि ओव्हरफ्लोचं त्याच्याहून खाली, निदान वीतभर तरी. आमच्याकडे प्लंबरने नेमकं उलटं केलं होतं. टाकी भरली की पाणी येणाऱ्या पाईपमध्ये तुंबायचं, तिथून गाळणीच्या चेंबरमध्ये चढायचं आणि झाकणाखालून पार्किंगमध्ये वाहायचं. आम्ही महिनाभर गाळणीलाच दोष देत होतो, वाळू दोनदा धुतली. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी चेंबरमध्ये पाणी उभं दिसलं, तेव्हा कुठे लक्षात आलं. वाळू तुंबली असती तर पाणी गाळणीच्या वरच राहिलं असतं. इथे खालच्या भागातही पाणी होतं. टाकीच मागे ढकलत होती.

ओव्हरफ्लोचा पाईप येणाऱ्या पाईपपेक्षा बारीक नको. त्याच्या तोंडाला डासांसाठी जाळी हवी. तो आधी शोषखड्ड्यात न्यावा आणि खड्डा भरला की पुढे पावसाळी गटारात. सांडपाण्याच्या ड्रेनेजला तो कधीही जोडू नये. मुसळधार पावसात ड्रेनेज तुंबलं की तेच पाणी उलटं टाकीत शिरतं.

पहिल्या सरीचं पाणी बाहेर सोडायची सोयही नकाशात हवी, कारण त्यात धूळ आणि कबुतरांची घाण असते. गच्चीवरचा पहिला एक मिलिमीटर म्हणजे ३०० लिटर. चार इंची पाईपच्या मीटरभर लांबीत आठ लिटर मावतात, त्यामुळे तळाला बूच लावलेला पाईपचा तुकडा इथे पुरत नाही. आम्ही गाळणीच्या आधी व्हॉल्व्ह बसवला. जून उजाडला की तो उघडाच ठेवतो आणि गच्ची नीट धुऊन निघाली की वॉचमनकाका तो फिरवतात.