आकड्यांची चेंगराचेंगरी

लढाईच्या गेममध्ये शत्रूला घाव बसला की त्याच्या डोक्यावर एक आकडा उमटतो, थोडा वर तरंगतो आणि विरून जातो. याला ‘डॅमेज नंबर’ म्हणतात. नवं हत्यार जुन्यापेक्षा खरंच सरस आहे का, हे खेळणाऱ्याला या आकड्यांवरूनच समजतं. पण लढाई ऐन रंगात आली की हेच आकडे एकमेकांवर चढून नुसता पांढरा गिचका उरतो. 2022 मध्ये पूर्ण स्वरूपात आलेल्या ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’सारख्या गेममध्ये पडद्यावर शत्रूंचे थवेच्या थवे असतात. तिथे आकडे बंद करण्याची सोय सेटिंगमध्येच आहे. पण बंद करण्याआधी ते वाचता येतील असे मांडून पाहावेत, असं मला ठामपणे वाटतं.

एक उदाहरण घेऊ. एका बंदुकीतून एकदम पाच छर्रे सुटतात आणि एकाच राक्षसाला लागतात: 14, 9, 31, 12, 14. पाचही आकडे एकाच क्षणी, एकाच जागी जन्मतात आणि एकाच वेगाने वर जातात. त्यामुळे ते शेवटपर्यंत वेगळे होतच नाहीत. यावर बहुतेकांना सुचणारा पहिला उपाय म्हणजे प्रत्येक आकडा थोडा डावीउजवीकडे कुठेही फेकायचा. गर्दी कमी वाटते खरी, पण दोन आकडे शेजारीशेजारी पडणार नाहीत याची हमी नसते. छर्रे वाढले की पुन्हा तेच.

हमी मिळते ती क्रमाने. आकड्याची उंची 24 पिक्सेल धरली, तर पहिला शून्यावर, दुसरा 24 वर, तिसरा 48 वर, अशी एकावर एक चळत रचायची. मात्र इथे एक फसगत दडलेली आहे. आकडे सेकंदाला 120 पिक्सेल वेगाने वर जात आहेत आणि घाव दर 0.2 सेकंदाने बसतो आहे, असं समजा. दुसरा घाव बसेपर्यंत पहिला आकडा बरोबर 24 पिक्सेल वर पोचलेला असतो आणि दुसऱ्याला आपण नेमकी तीच जागा देतो. दोघे एकमेकांवर बसतात आणि तसेच जोडीने वर जातात. काहीच न करता जे आकडे सुटे दिसले असते, ते उपायामुळेच चिकटले!

म्हणून तरंगणं सोडून द्यावं आणि क्रम उलटा मोजावा. सगळ्यात नवा आकडा तळाशी, शून्यावर. तो आला की आधीचे सगळे एकेक पायरी वर सरकतात. प्रत्येकाची उंची म्हणजे त्याच्यानंतर आलेल्या आकड्यांची संख्या गुणिले 24. सगळ्यांचं आयुष्य सारखं, समजा 0.8 सेकंद, असेल तर आधी विरतो तो सर्वात जुना, म्हणजे सर्वात वरचा. मध्ये कुठे भोक पडत नाही. वर सरकण्याची हालचालही आपोआप मिळते. ती मात्र झटपट व्हायला हवी, नाहीतर सरकतानाच आकडे एकमेकांना झाकतात.

दुसरा प्रश्न वेगाचा. सेकंदाला 60 चित्रं दाखवायची, तर एका चित्रासाठी 17 मिलिसेकंदांपेक्षाही कमी वेळ हाती असतो. प्रत्येक घावाला नवा आकडा बनवायचा आणि नंतर टाकून द्यायचा, तर टाकलेल्यांचा कचरा मेमरीत साठतो. तो साफ करायला मध्येच वेळ गेला की गेम अडखळतो. म्हणून आकडे आधीच बनवून ठेवतात. त्या साठ्याला ‘पूल’ म्हणतात. पडद्यावर 30 शत्रू आणि प्रत्येकावर एका वेळी चार आकडे, असा अंदाज असेल तर 120 पुरतात. पंगतीतली ताटं जशी धुऊन पुढच्या पंगतीला मांडतात, तसेच हे आकडे पुन्हा वापरायचे. यातलं धुणं विसरलं तर गडबड होते. आकडा विरताना पूर्ण पारदर्शक झालेला असतो. तो तसाच बाहेर काढला तर घाव बसतो, पण आकडा दिसत नाही. आधीचा लाल रंग राहिला, तर साधा घावही जबर वाटतो.

याहून फसवी चूक वेगळीच असते. आकडा पूलमध्ये परतला, पण आधीच्या राक्षसाच्या यादीतून त्याचं नाव काढलं नाही. मग तोच आकडा दुसऱ्या राक्षसाला मिळतो आणि दोन याद्या त्याला आपापल्या जागी ओढतात. पडद्यावर तो दोन राक्षसांमध्ये उड्या मारताना दिसतो. असं दिसलं की मांडणीत दोष शोधत बसू नये. परतवण्याची आणि यादीतून काढण्याची कामं एकाच ठिकाणी होतात का, ते पाहावं.

चळतीलाही मर्यादा आहेत. सेकंदाला वीस घाव बसले तर 0.8 सेकंदात सोळा आकडे जमतात, म्हणजे 384 पिक्सेलचा मनोरा. तिथे पाच-सहाच आकडे ठेवून बाकीच्यांची बेरीज एका आकड्यात दाखवणं बरं. आणि दोन राक्षस एकमेकांना खेटून उभे राहिले, तर त्यांच्या दोन चळती एकमेकींवर येतातच, कारण क्रम प्रत्येक राक्षसाचा स्वतंत्र मोजलेला असतो. तो दोष घालवायचा, तर राक्षसाऐवजी पडद्याच्या चौकटी पाडून प्रत्येक चौकटीसाठी क्रम मोजावा लागतो.