अर्जुनाची साल दुधात का उकळतात?

नदी-ओढ्याच्या काठी वाढणाऱ्या अर्जुनाची, म्हणजे अर्जुनसादड्याची, साल बाहेरून राखाडी आणि गुळगुळीत असते, आतून लालसर. त्याच्याच जवळच्या नात्यातल्या ऐनाची साल खोल भेगांची आणि खडबडीत. विकत घेताना एवढं तरी निरखून पाहावं.

हृद्रोगासाठी आयुर्वेदाने या सालीचा क्षीरपाक सांगितला, आणि त्याचं माप मला फार सुंदर वाटतं: औषध एक भाग, दूध आठ भाग, पाणी बत्तीस भाग, मग दुधाएवढंच उरेपर्यंत आटवायचं. म्हणजे ५ ग्रॅम सालीची भरड, ४० मिली दूध आणि १६० मिली पाणी. आधी पातेल्यात नुसतं दूध ओतून स्वच्छ काडी उभी धरावी आणि दुधाच्या पातळीवर खूण करावी. मग पाणी आणि भरड घालून मंद आचेवर, अधूनमधून ढवळत, द्रव खुणेपर्यंत उतरू द्यायचा आणि कोमट असताना गाळायचा.

दूधच का? सालीत टॅनिन भरपूर असतं, म्हणून नुसता पाण्यातला काढा जिभेला आवळून टाकतो. दुधातली प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात. कडक चहात दूध पडलं की तुरटपणा उतरतो, त्यामागेही हेच कारण. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी हे केवळ चवीने आणि पोटाच्या अनुभवाने हेरलं असणार!

पुढे सालीच्या अर्काच्या रीतसर चाचण्या झाल्या. इंदूरला १९९५ साली हृदय अतिशय दुबळं झालेल्या १२ रुग्णांना नेहमीच्या औषधांच्या जोडीने अर्क दिला, तेव्हा त्यांच्यात सुधारणा दिसली. मात्र २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, १०० रुग्णांच्या चाचणीत १२ आठवड्यांनंतरही हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता वाढली नाही. म्हणून गोळ्या बंद करून काढा घेणं हा धोकाच आहे.

गोळ्यांसोबत घेतानाही सावध राहायला हवं. समजा, कुणाला कृत्रिम झडप बसवली आहे आणि वॉरफरिन चालू आहे. हे औषध यकृतातल्या ज्या एन्झाइममुळे शरीराबाहेर पडतं, त्याला अर्जुनाचा अर्क अडवतो असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. माणसात असं घडलं, तर रोजचीच गोळी जास्त पडेल आणि रक्त प्रमाणाबाहेर पातळ होईल. शिवाय रक्तबिंबिका एकमेकींना चिकटणंही अर्जुनाने कमी होतं, त्यामुळे ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनाही हे लागू आहे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर दाब आणखी उतरू शकतो. उठताना अंधारी येणं ही त्याची खूण.

अशा व्यक्तीने काढा सुरू करण्याआधीच हृदयरोगतज्ज्ञांना सांगावं. त्यांनी होकार दिला, तर वॉरफरिनवाल्यांनी आयएनआर तपासणी कधी करायची तेही तेव्हाच ठरवून घ्यावं. हिरड्यांतून रक्त, कारणाशिवाय काळेनिळे डाग किंवा डांबरासारखी काळी शौच दिसली तर काढा थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावं. छातीत दाटून आलं, घाम फुटला, तर पातेलं चुलीवर ठेवण्यात वेळ न घालवता १०८ ला फोन करावा.