एकाच कुंपणात दोन मांडण्या

उत्पादन व्यवस्थापनाच्या पेपरात कारखान्याची जागा कशी निवडावी, असा प्रश्न दरवर्षी असतो. त्याच्या मागोमाग प्रॉडक्ट लेआउट आणि प्रोसेस लेआउट यांची तुलना विचारलेली असते. मुलं दोन्ही उत्तरं वेगवेगळी पाठ करतात. कच्चा माल, पाणी, वीज, मजूर, बाजारपेठ अशी जंत्री लिहितात आणि मग दोन रकान्यांचा तक्ता काढतात. शिकवायला येण्यापूर्वी मी काही वर्षं साखर कारखान्याच्या इंजिनिअरिंग विभागात काढली. त्यामुळे हे दोन प्रश्न मला कधी वेगळे वाटलेच नाहीत. म्हणून दर गाळप हंगामात मी वर्गाला कारखान्यात नेतो आणि सुरुवात वजनकाट्यापासून करतो.

काट्यावर मुलांना एक हिशेब घालतो. हजार टन ऊस आत आला आणि साखर उतारा अकरा टक्के पडला, तर साखर निघते एकशे दहा टन. मळी साधारण चाळीस टन, प्रेसमड पस्तीसेक टन आणि बगॅस पावणेतीनशे टनांच्या आसपास. उरलेलं बहुतेक पाणी. आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने 1909 साली हाच भागाकार कारखान्याची जागा ठरवण्यासाठी मांडला होता: कच्च्या मालाचं वजन भागिले तयार मालाचं वजन. इथे तो नऊच्या आसपास येतो. कारखाना मुंबईच्या बाजारपेठेजवळ काढला, तर एक टन साखरेसाठी नऊ टन ऊस घाटाखाली न्यावा लागेल. शीतपेयाच्या कारखान्याचं नेमकं उलटं असतं. तिथे पाणी गावोगाव मिळतं आणि वजन बाटलीत भरताना वाढतं, म्हणून तो गिऱ्हाइकाजवळ जातो.

पण नुसतं वजन सांगून उत्तर पुरं होत नाही. तोडलेला ऊस फडात किंवा यार्डात पडून राहिला, की त्याचं वजन घटतं आणि आतल्या साखरेचं विघटन सुरू होतं. चोवीस तासांच्या आत तो गव्हाणीत पडावा अशी धडपड असते ती यासाठी. म्हणजे कारखान्याचं कार्यक्षेत्र किलोमीटरपेक्षा तासांनी मोजायला हवं. वाट लांबली की तोडणी-वाहतुकीचा खर्चही वाढतो, आणि आपल्याकडे तो शेतकऱ्याच्या ऊसदरातून वजा होतो. महाराष्ट्रात दोन कारखान्यांमध्ये पंचवीस किलोमीटर हवाई अंतराची अट आहे, ती उसाची ही ओढाताण आवरण्यासाठीच.

मुलांच्या यादीतले बाकीचे घटक या कसोटीवर लावले की झपाट्याने लहान होतात. इंधन उसाबरोबरच येतं, कारण बॉयलर बगॅसवर चालतो. तोडणी मजूर बीड-नगरकडून हंगामापुरते टोळ्यांनी येतात, म्हणजे इथे मजुरांनी कारखान्याची जागा ठरवलेली नाही, कारखान्याने मजुरांना गाव सोडायला लावलं आहे. त्यांच्या कोप्या मी मुलांना मुद्दाम दाखवतो. ‘स्वस्त मजूर उपलब्ध’ एवढंच लिहून पुढे जाणाऱ्याने त्या एकदा पाहाव्यात.

मग आम्ही उसाबरोबर आत चालू लागतो. गव्हाणीतून ऊस कटरखाली जातो, फायब्रायझरमध्ये त्याचा भुगा होतो आणि एकामागे एक उभ्या मिलमधून तो पिळला जातो. रस तापतो, चुना आणि गंधकाचा धूर घेतो, निवळतो, इव्हॅपोरेटरमध्ये आटतो, पॅनमध्ये त्याचे दाणे धरतात, सेंट्रिफ्यूगलमध्ये साखर मळीपासून सुटते आणि शेवटी पन्नास किलोच्या पोत्यात पडते. एकच माल, एकच वाट, आणि मशीन त्या वाटेच्या क्रमाने उभी. हा प्रॉडक्ट लेआउट. तो कुणाच्या आवडीने आलेला नाही. उसाला थांबता येत नाही तसं रसालाही येत नाही, टाकीत साठवला तर तो आंबतो. ज्या कारणाने कारखाना फडाजवळ आला, त्याच कारणाने आतली यंत्रं रांगेत उभी राहिली.

रांगेची खरी परीक्षा तोलात असते. रोज अडीच हजार टन गाळणाऱ्या कारखान्यात मिलला तासाला सुमारे एकशे चार टन ऊस लागतो. पिळताना वरून पाणी घातल्यामुळे रस साधारण उसाच्या वजनाइतकाच निघतो. तो पंधरा ब्रिक्सवरून साठ ब्रिक्सवर न्यायचा म्हणजे त्याचा चौथा हिस्सा उरवायचा. इव्हॅपोरेटरने तासाला अठ्ठ्याहत्तर टन पाणी उडवलं पाहिजे. काही आठवड्यांत नळ्यांना आतून क्षार धरतात आणि तेवढं पाणी उडत नाही. मिलमध्ये काहीही बिघडलेलं नसतं, तरी मिल हळू चालवावी लागते. बाहेर यार्डात गाड्यांची रांग लांबलेली दिसली की जुना माणूस मिलकडे न धावता आधी सिरपचा ब्रिक्स विचारतो. तो घसरला असेल, तर अडथळा कुठे आहे ते कळलं.

आता वर्कशॉप. मिल हाऊसपासून शंभर पावलांवरची ही पत्र्याची शेड बहुतेक सहली वगळतात, पण मला तिथेच जास्त वेळ लागतो. लेथ एका बाजूला, ड्रिलिंग दुसऱ्या बाजूला, शेपर, स्लॉटिंग, वेल्डिंगचा कोपरा, फिटरची बाकं. सारख्या कामाची यंत्रं एकत्र. आज पंपाचा शाफ्ट येतो, उद्या बेअरिंगचा ब्रास, परवा कन्व्हेअरची तुटलेली कडी, आणि प्रत्येकाची वाट निराळी. इथे रांग मांडायची तरी कोणत्या कामासाठी? हा प्रोसेस लेआउट. रांगेत काय मोडेल हे आधी कळत नाही, म्हणून तो असाच ठेवावा लागतो.

त्याची किंमत कामाच्या थांबण्यात मोजली जाते. एकदा एका शाफ्टच्या मागे मी मुलांना दोन दिवस लावलं होतं. लेथवर साडेतीन तास, स्लॉटिंगवर चावीची खाच पाडायला एक तास, फिटिंग अर्धा तास, म्हणजे खरं काम पाच तासांचं. शाफ्ट बाहेर पडला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. मधला वेळ तो स्लॉटिंगजवळच्या फळीवर पाळीची वाट पाहत पडून होता. मग मुलांनी आठवडाभराच्या फेऱ्या मोजल्या. लेथकडून स्लॉटिंगकडे पंचवीस फेऱ्या, अंतर अठ्ठावीस मीटर, एकूण सातशे मीटर. लेथकडून ड्रिलिंगकडे दहा फेऱ्या, अंतर आठ मीटर, एकूण ऐंशी. म्हणजे सातशे ऐंशी. स्लॉटिंग आणि ड्रिलिंगच्या जागांची अदलाबदल केली, तर दोनशे आणि दोनशे ऐंशी, मिळून चारशे ऐंशी. तीनशे मीटर वाचले. स्लॉटिंगपुढची पाळी मात्र तशीच राहिली, कारण ते यंत्रच एक होतं. अंतर मांडणीने कमी होतं, रांग होत नाही, हे मुलांना तिथे उभं राहूनच पटलं.

मोठं ओतकाम मात्र वर्कशॉपमध्ये होत नाही, ते कोल्हापूरजवळ शिरोलीच्या फाउंड्रीतून येतं. कोल्हापुरात लोखंडाची खाण नाही. तिथे फाउंड्र्या टिकल्या त्या साचा बांधणाऱ्या आणि वितळलेल्या धातूचा रंग ओळखणाऱ्या हातांमुळे. वेबरचा भागाकार तिथे फारसा बोलत नाही.

माझ्या नोकरीच्या काळात एका हंगामात रात्री अकराला रसाच्या मुख्य पंपाचा शाफ्ट तुटला आणि जोडीचा पंप आधीच दुरुस्तीला उघडलेला होता. मिल थांबली. मिल थांबली म्हणून बगॅस थांबला, साठ्यातला बगॅस ओढून वाफ कशीबशी टिकवली. आमच्या टर्नरने लेथवरचं चालू काम उतरवून शाफ्टचा गज चढवला, स्लॉटिंगवरची पाळी मोडून हा शाफ्ट पुढे घेतला. प्रोसेस लेआउटला ते जमतं, चालू कामं बाजूला सारून नवं काम मध्ये घुसवता येतं. पहाटे पाचला मिल पुन्हा फिरली. मधल्या सहा तासांत सव्वासहाशे टन ऊस गाळायचा राहिला होता, आणि यार्डातल्या बैलगाड्यांवरची माणसं उसाच्या मोळ्यांवरच घोंगडी ओढून झोपली होती.