आवाज थरथरला, की तानच कच्ची होती?

इंग्लंडच्या दक्षिणेला समुद्रकाठी व्हेंटनर नावाचं गाव आहे. विद्यार्थी असताना मोहनदास गांधी तिथे गेले होते आणि शाकाहाराच्या प्रचारसभेत बोलण्याचं त्यांनी कबूल केलं होतं. उत्स्फूर्त बोलता येणार नाही हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी भाषण लिहूनच नेलं. ते जेमतेम एक फुलस्केप पान भरेल एवढंच होतं. वाचायला उभे राहिले, तर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि अंग थरथरू लागलं. शेवटी सोबतच्या मजमुदारांनी ते पान वाचून दाखवलं.

पुढे बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात त्यांच्याकडे पहिला खटला आला, ममीबाईचा. फी ठरली 30 रुपये. काम सोपं होतं, प्रतिवादीच्या बाजूने साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायची. गांधी उभे राहिले आणि डोकं गरगरायला लागलं. एकही प्रश्न सुचेना. त्यांनी फी परत केली, आणि पक्षकाराने 51 रुपये देऊन पटेल नावाचे वकील घेतले. दोन्ही प्रसंग त्यांनी आत्मकथेत स्वतःच सांगितले आहेत.

आपण दोन्हींना ‘घाबरले’ असं एकच नाव देऊन मोकळे होतो. व्हेंटनरला मात्र तयारीत काडीचीही उणीव नव्हती, कागद हातात होता आणि अक्षर स्वतःचंच होतं. तिथे शरीराने दगा दिला. कोर्टात शरीराने दगा दिलाच, पण त्याखाली दुसरंही काही होतं. कायदा वाचला, पण वकिली कशी करतात ते शिकलोच नाही, अशी त्या काळातली खंत त्यांनीच लिहून ठेवली आहे. ज्याने कधी उलटतपासणी घेतलेली नाही, त्याला भीती नसती तरी प्रश्न कुठून सुचले असते? व्हेंटनरच्या गांधींना ‘अजून तयारी कर’ असं सांगणं फुकट होतं आणि कोर्टातल्या गांधींना ‘घाबरू नकोस’ असं सांगणंही तितकंच फुकट. गाण्याच्या क्लासांत, वक्तृत्व स्पर्धांत आणि मैदानांवर हे दोन्ही सल्ले नेमके उलट्या माणसांना दिले जातात, असं माझं मत आहे.

आधी थरथर म्हणजे काय ते पाहू. स्थिर धरलेला हातसुद्धा पूर्ण स्थिर नसतो. सेकंदाला साधारण 8 ते 12 वेळा तो बारीकसा हलत असतो, फक्त ते आपल्याला दिसत नाही. संकटाची चाहूल लागली की अॅड्रेनलिन रक्तात उतरतं आणि हीच बारीक हालचाल मोठी होते. याला मनात भीती असावीच लागते असंही नाही. दम्याचा पंप घेणाऱ्यांना विचारा. पंपातलं औषध स्नायूंमधल्या त्याच जागांवर काम करतं, म्हणून दोन-चार फवारे घेतल्यावर घरी निवांत बसलेल्या माणसाचेही हात कापतात. थरथर ही रसायनाची करामत आहे. तिच्यावरून माणसाचं धैर्यही मोजता येत नाही आणि रियाजही.

गायकाच्या बाबतीत हा मारा घशावर आणि श्वासावर होतो. तोंडाला कोरड पडते, श्वास पोटातून वर छातीत येतो आणि स्वरयंत्राचे स्नायू आवळले जातात. त्यामुळे सगळ्यात आधी मोडतो तो हळू लावलेला लांब स्वर, कारण त्याला हवेचा दाब सर्वांत एकसारखा लागतो. जोरकस आणि चपळ जागा बऱ्याचदा सहीसलामत निघून जातात. सुरुवातीचा षड्ज ज्याचा हलतो, त्याच्या ताना मात्र स्वच्छ पडतात, हे चित्र मैफली ऐकणाऱ्यांनी पाहिलेलं असेल. वक्त्याचा हातातला पातळ कागदही असाच फडफडतो. जाड पुठ्ठ्याच्या कार्डावर मुद्दे लिहिले, तर तेवढाच हात कापूनही कोणाला दिसत नाही.

थरथरीची दुसरी खूण म्हणजे ती ओसरते. छातीतली धडधड बहुतेकांच्या बाबतीत सुरुवात करण्याआधी आणि पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत सर्वांत जास्त असते, मग उतरू लागते. कच्च्या तयारीचं उलट असतं. पाठ केलेला पहिला परिच्छेद छान जातो, आणि जसजसं कमी घोटलेल्या भागाकडे जावं तसतशी घसरण वाढते. शिवाय कच्चेपणाची चूक ठरलेल्या जागी होते, तर थरथर कुठेही भेटते.

एक उदाहरण शेवटपर्यंत लावून बघू. समजा, एक मुलगी स्पर्धेत यमन गाते. आलापात पहिल्या दोन आवर्तनांत आवाज हलतो, मुखड्याला श्वास पुरत नाही, मग गाणं जरा बसतं. पुढे तीनतालातल्या छोट्या ख्यालात समेपासून आठ मात्रांची तान घेऊन नवव्या मात्रेला, खालीवर, मुखडा पकडायचा असतो. तो तिला सापडत नाही. तान संपते तेव्हा तबला पुढे निघून गेलेला असतो. खाली उतरल्यावर ती म्हणते, “घाबरले.” आई म्हणते, “रियाज कमी पडला.”

आता ध्वनिमुद्रण ऐकायचं. आलापातली थरथर सुरुवातीपुरती होती, ती सोडून देऊ. तान का चुकली? घरचा रियाज ऐकला तर तान चोख येते, पण ती दहाव्यांदा घेतलेली, गळा तापलेला असताना. तयारीची खरी परीक्षा दिवसाच्या पहिल्या प्रयत्नात असते. उभं राहायचं, फोनवर मुद्रण सुरू करायचं, आणि एकदाच गायचं. चुकलं तरी थांबायचं नाही, पुन्हा घ्यायचं नाही. असं पाच दिवस केल्यावर समजा तान पाचही दिवस बरोबर आली, तर तयारीवर बोट ठेवता येत नाही. तीनदा चुकली, तर दोष रंगमंचावर ढकलता येत नाही.

आणखी एक गोष्ट तपासायची, ती म्हणजे लय. घरी ती मिनिटाला 160 मात्रांना गात होती. स्पर्धेतलं मुद्रण मोजलं तर लय 180 च्या आसपास निघते. भीतीने माणूस घाई करतो, बोलणाराही आणि गाणाराही. तिची तान एकाच लयीला पाठ होती, त्या लयीबाहेर पडताच ती निसटली. म्हणजे आई आणि मुलगी दोघींचंही अर्धं बरोबर होतं. भीतीने लय चढवली आणि चढलेल्या लयीची तयारी नव्हती. उपायही दोन निघतात. तान 140 पासून 190 पर्यंत वेगवेगळ्या लयींत, आणि मधल्या स्वरापासूनही उचलून घोटायची. आलापासाठी मात्र जास्त रियाजाचा उपयोग नाही. तिथे मंचावर जाण्याआधी काही मिनिटं घेतलेल्या श्वासापेक्षा सोडलेला श्वास लांब ठेवायचा आणि पहिला षड्ज अगदी हळू न लावता भरल्या आवाजात लावायचा. अधूनमधून जिना धावत चढून, छाती धडधडत असतानाच गाऊन बघायचं, म्हणजे ती धडधड अनोळखी राहत नाही.

मधूनच सुरुवात करण्याची ही कसोटी वक्त्यांना तर हमखास उघडं पाडते. ज्याला तिसऱ्या परिच्छेदापासून बोल म्हटल्यावर बोलता येत नाही, त्याचं भाषण साखळीसारखं पाठ आहे. मंचावर एक कडी निसटली की पुढचं सगळं जातं, आणि लोक म्हणतात बिचारा घाबरला.

खेळाडूंकडे एक तिसराच प्रकार भेटतो. मानसशास्त्रज्ञ शॉन बाइलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये फुटबॉलपटूंना चेंडू पायाने नेताना पायाच्या कुठल्या बाजूने स्पर्श होतोय याकडे लक्ष द्यायला सांगितलं. नवशिक्यांचा खेळ सुधारला. मुरलेल्यांचा, त्यांच्या उजव्या पायाचा, बिघडला. जे शरीराला सोपवून झालेलं असतं ते दडपणाखाली परत मनाने हातात घेतलं की असं होतं. इथे तयारी कमी नसते आणि हातही कापत नसतो. ‘तंत्राकडे नीट लक्ष दे’ हा प्रशिक्षकाचा आयत्या वेळचा सल्ला अशा खेळाडूला बुडवतो.

नेमबाजीत तर थरथरीला लपायलाच जागा नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवलं. त्या दिवशी पोटात काही गेलं नव्हतं, फक्त काळा चहा घेऊन आलो, छाती जोरात धडधडत होती, असं त्याने नंतर सांगितलं. धडधड थांबवण्याच्या फंदात तो पडला नाही. श्वासावर लक्ष ठेवलं आणि वेगळं काही करायला गेला नाही. हाच खेळाडू आदल्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत चौथा आला होता.

ही थरथर औषधाने दाबता येते. हृदयाची गती कमी करणारं प्रोप्रॅनोलॉल अॅड्रेनलिनच्याच जागा अडवतं, आणि परदेशांत वाद्यवृंदातले कित्येक वादक ते घेतात. नेमबाजीत त्याला बंदी आहे. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याची दोन्ही पदकं याच औषधामुळे काढून घेतली गेली. औषध हाताचं कापणं कमी करतं, न बसलेली तान किंवा न आठवणारं वाक्य आणून देत नाही. आणि पंपातलं औषध ज्या जागांवर काम करून श्वासनलिका मोकळी करतं, त्याच जागा हे अडवू शकतं. म्हणून दम्याच्या रुग्णाला ते धोक्याचं ठरतं. मित्राने दिलेली गोळी स्पर्धेच्या दिवशी तोंडात टाकू नये, आधी डॉक्टरांना विचारावं.

शिक्षकांना आणि पालकांना एकच विनंती आहे. मूल मंचावरून उतरलं की ‘का घाबरलास?’ किंवा ‘रियाज केला नव्हतास ना?’ यातलं काही न विचारता, दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत बसून मुद्रण ऐका. चूक कितव्या मिनिटाला झाली आणि घरच्या पहिल्या प्रयत्नात ती त्याच जागी होते का, एवढं लिहून घ्या, आणि मगच सल्ला द्या.