स्वतःचाच मसुदा, स्वतःच परीक्षक

गृहनिर्माण सोसायटीच्या सेक्रेटरींनी वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस एका भाषा-मॉडेलकडून लिहून घेतली, असं धरू. सभा रविवारी, २० सप्टेंबर २०२६ रोजी आहे आणि नोटिशीवर तारीख पडली आहे ६ सप्टेंबर. मसुदा हातात आल्यावर सेक्रेटरी त्याच मॉडेलला एक यादी देतात. दिवस, वेळ, ठिकाण आहे का? मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करण्याचा विषय आहे का? लेखापरीक्षित हिशेब, लेखापरीक्षकाची नेमणूक, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ आहेत का? निव्वळ १४ दिवस आधी नोटीस निघते आहे का? शेवटी सांगतात, एकेक कलम मसुद्याशी ताडून पाहा, उणिवा लिही आणि मग दुरुस्त मसुदा दे.

मॉडेल कामाला लागतं. सभेचं ठिकाण लिहायचं राहिलंय, हे ते पकडतं. ऐनवेळच्या विषयांचं कलम गळलंय, हेही पकडतं. दोन्ही उणिवा भरून काढतं. चौदा दिवसांच्या कलमापुढे मात्र ते ‘पूर्तता झाली’ असं लिहून मोकळं होतं. विसातून सहा गेले, चौदा उरले. पण निव्वळ चौदा दिवस मोजताना नोटिशीचा दिवस धरत नाहीत आणि सभेचाही धरत नाहीत. ७ ते १९ सप्टेंबर हे तेराच दिवस भरतात. नोटीस ५ तारखेलाच निघायला हवी होती. एखादा नाराज सभासद एवढ्याच मुद्द्यावर सभेला हरकत घेऊ शकतो.

या एका नोटिशीत या पद्धतीची ताकद आणि तिची मर्यादा दोन्ही दिसतात. काय राहिलं, हे यादी समोर ठेवून शोधणं सोपं असतं. ठिकाण मसुद्यात आहे किंवा नाही, ते वाचून कळतं. लिहिण्याच्या ओघात निसटलेली गोष्ट वाचताना सापडते, कारण आता लक्ष फक्त तिच्यावर असतं. दिवसांच्या हिशेबाचं तसं नाही. मॉडेलला ‘निव्वळ’चा अर्थ नीट लावता येत नसेल, तर लिहिताना जी चूक झाली तीच तपासतानाही होणार. शिवाय पहिलं उत्तर समोर लिहिलेलं असतं, आणि त्याला दुजोरा देण्याकडे कल झुकतो.

संशोधकांनाही साधारण हेच आढळलं. २०२३ मध्ये अमन मदान आणि सहकाऱ्यांनी ‘सेल्फ-रिफाइन’ ही पद्धत मांडली: एकच मॉडेल लिहितं, स्वतःवर अभिप्राय देतं आणि त्यावरून पुन्हा लिहितं. सात वेगवेगळ्या कामांवर तिची चाचणी झाली. संवादातलं उत्तर सुधारणं किंवा दिलेले सगळे शब्द वापरून वाक्य रचणं अशा कामांत चांगली सुधारणा दिसली. गणितात मात्र जवळजवळ काहीच हाती लागलं नाही, कारण बहुतेक वेळा मॉडेलचा स्वतःवरचा अभिप्राय ‘सगळं ठीक आहे’ असाच होता.

त्याच वर्षी गूगल डीपमाइंड आणि इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी गणिताकडेच मोर्चा वळवला. शालेय शाब्दिक उदाहरणांच्या जीएसएम८के या संचावर जीपीटी-४ ची पहिली उत्तरं ९५.५ टक्के बरोबर होती. स्वतःचं उत्तर तपासून सुधार असं सांगितल्यावर हा आकडा ९१.५ वर आला आणि दुसऱ्या फेरीनंतर ८९ वर. म्हणजे तपासणीत चुका सुधारण्यापेक्षा बरोबर उत्तरंच जास्त बिघडली. आज मॉडेलं पुष्कळ पुढे गेली आहेत, त्यामुळे हेच आकडे आज येतील असं नाही. पण ‘चूक शोध’ असं फर्मावलं की चूक नसतानाही ती शोधून देण्याची खोड कुठल्याही मॉडेलमध्ये आधी तपासून घ्यावी, असं माझं मत आहे.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. शब्द वापरून वाक्य रचण्याच्या कामात सुधारणा दिसली होती खरी, पण ‘सगळे शब्द आलेच पाहिजेत’ ही अट पहिल्या सूचनेत पुरेशी स्पष्ट नव्हती, ती अभिप्रायाच्या वेळी पुढे आली होती. संशोधकांनी ती पहिल्याच सूचनेत ठळकपणे घातली, तेव्हा पहिलाच मसुदा दुरुस्त मसुद्यापेक्षा सरस निघाला. आपल्या सेक्रेटरींची यादी तरी वेगळी कुठे आहे? ती आधी दिली असती, तर ठिकाण आणि ऐनवेळचे विषय बहुधा पहिल्याच झटक्यात आले असते. फेरीचं बरंचसं श्रेय असं उशिरा दिलेल्या यादीचं असतं.

आता खर्चाकडे येऊ. मॉडेलचा वापर टोकनवर, म्हणजे शब्दांच्या तुकड्यांवर मोजतात, आणि लिहिलेला टोकन वाचलेल्या टोकनपेक्षा महाग असतो. समजा पाचपट. सूचना ३०० टोकनची आणि मसुदा ५०० चा असेल, तर पहिल्या मसुद्याला ३०० अधिक ५०० गुणिले ५, म्हणजे २,८०० एकक पडतात. तपासताना मॉडेल सूचना, मसुदा आणि २०० टोकनची यादी असं १,००० टोकन वाचतं आणि ३०० लिहितं. ते झाले २,५००. पुन्हा लिहिताना ते १,३०० वाचतं आणि ५०० लिहितं. ते झाले ३,८००. एकूण ९,१००, म्हणजे सव्वातीनपट. दुसरी फेरी घेतली तर साडेपाचपट. देवनागरी मजकुराचे इंग्रजीपेक्षा सहसा जास्त तुकडे पडतात, त्यामुळे मराठीत मूळ रक्कमही मोठी असते. वेळही वाढतो, कारण तपासणी मसुद्याच्या आधी सुरू होऊ शकत नाही. एका नोटिशीला हे पैसे किरकोळच. रोज हजारो पत्रं काढणाऱ्या कार्यालयाला ते जाणवतात.

मग फेरी ठेवायची कुठे? यादी आधी देऊनही ज्या कामात काहीतरी निसटतंच, तिथे. लांबलचक मसुदे आणि वीस-पंचवीस अटींचे अर्ज ही तशी कामं. त्यातही यादीचं कलम असं हवं, की त्याचं उत्तर मसुद्यातल्या ओळीवर बोट ठेवून देता येईल. ‘ठिकाण दिलं आहे का, असल्यास ते वाक्य जसंच्या तसं उतरव’ हे चांगलं कलम. ‘भाषा प्रभावी आहे का’ या कलमावर मॉडेल दर फेरीला काही ना काही सुचवत राहतं, आणि ‘सर्व सन्माननीय सभासदांना सविनय’ छापाची भर पडून नोटीस फुगत जाते. जे मोजता येतं, ते मॉडेलकडे देऊच नये. दिवसांचं अंतर, तारखेचा वार आणि शब्दसंख्या चार ओळींचा प्रोग्राम अचूक सांगतो, आणि त्याने सांगितलेली चूक मॉडेल नीट दुरुस्त करतं. कोड लिहिण्याच्या कामात ही फेरी इतकी उपयोगी ठरते ती याचमुळे. तिथे चाचणी नापास झाल्याचा निरोप बाहेरून येतो, मॉडेलच्या स्वतःच्या मतातून नव्हे. आणि सगळी कलमं पास झाली, तर पुनर्लेखन करायचंच नाही. मसुदा आहे तसा बाहेर जाऊ द्यायचा.

फेरीचा फायदा होतो की नाही, हे पन्नासेक जुन्या मसुद्यांवर पाहता येतं. माणसाने प्रत्येक मसुदा फेरीच्या आधी आणि नंतर तपासावा आणि दोन आकडे वेगवेगळे लिहावेत: किती चुका सुधारल्या आणि किती बरोबर गोष्टी बिघडल्या. सरासरी गुण पाहिले की दुसरा आकडा झाकला जातो. तुलनाही नुसत्या पहिल्या मसुद्याशी करू नये. यादी आधीच दिलेल्या मसुद्याशी करावी, आणि तेवढ्याच खर्चात तीन स्वतंत्र मसुदे काढून त्यातला एक निवडला तर काय मिळतं, हेही पाहावं. एका ठरावीक उत्तराच्या प्रश्नांत त्याच अभ्यासाने असंच दाखवलं होतं: तेवढीच उत्तरं स्वतंत्रपणे काढून बहुमत घेतलं, तर मॉडेलांना आपसात वाद घालायला लावण्यापेक्षा निकाल चांगला येतो.