फिकट रेघेचा अर्थ

पाळी चुकली, घरीच चाचणी केली आणि ‘टी’ या अक्षरासमोर जेमतेम दिसेल अशी गुलाबी रेघ उमटली. हे ‘हो’ समजायचे की ‘नाही’? वेळेत उमटली असेल, तर बहुधा ‘हो’च.

गर्भ गर्भाशयात रुजू लागला की एचसीजी हे संप्रेरक रक्तात आणि तेथून लघवीत उतरते. पट्टीवरील रंगीत प्रतिपिंडे त्याला धरून ‘टी’ रेघेवर अडकतात; संप्रेरक थोडे, तर रंगही थोडा. पाळीची तारीख सोमवारची आणि दिवसभर भरपूर पाणी पिऊन त्याच संध्याकाळी चाचणी केली, तर लघवी पातळ असल्याने रेघ फिकट येऊ शकते. सुरुवातीस एचसीजी साधारण २ ते ३ दिवसांत दुप्पट होते. म्हणून गुरुवारी, सकाळच्या पहिल्या लघवीने, नव्या पट्टीवर पुन्हा पाहावे.

मात्र पाकिटावर दिलेली वेळ उलटल्यावर, पट्टी वाळताना उमटलेली करडी रेघ धरू नये. टाकलेली पट्टी तासाभराने पुन्हा निरखण्याचा मोह अनेकींना होतो. ‘सी’ रेघच नसेल, तर चाचणी बाद.

रेघ गडद झाली तरी गर्भ कोठे रुजला, हे पट्टी सांगत नाही. ओटीपोटात तीव्र वेदना, रक्तस्राव वा भोवळ असेल, तर गुरुवारची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.